पाच डझन आंबे आणि १००.२ टक्के

प्रश्न : बाई, माझी लेक नववीत आहे. शाळेने प्रकल्पासाठी घरच्या बागेतल्या पाच डझनांच्या पेटीतले आंबे वजन करून तक्ता करायला सांगितला. वर्ग २० ग्रॅमचे घेतले, २०० ते ३२०. फळं अनुक्रमे ४, १०, १९, १३, १०, ४ आली. तिने प्रत्येकाची शेकडेवारी काढली तर बेरीज १००.२. मग शेवटचे ६.७ खोडून ६.५ केले, तेव्हा १०० जुळले. तरी गुण कापले. शेकडेवारी आणि संचित शेकडेवारी हे दोन रकाने नक्की भरायचे कसे?

उत्तर :

आधी ते ६.५ खोडून पुन्हा ६.७ लिहायला सांगा. बेरीज १००.२ येते, ती तशीच येऊ द्या. गुण गेले असतील तर ते त्या खाडाखोडीमुळे आणि बहुधा संचित रकान्यामुळे.

तक्त्याची पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून बघा. २०० ते २२० ग्रॅमची फळं चार, ३०० ते ३२० ग्रॅमचीही चारच. एकाच पेटीतली चार फळं वर ६.७ टक्के आणि खाली ६.५ टक्के कशी होतील? तपासणाऱ्याची नजर नेमकी तिथेच थांबते. बेरीज जुळवण्यासाठी कुठलाही एक आकडा ओढला, की तक्ता आपल्याच मोजणीशी खोटं बोलायला लागतो, आणि समान संख्येच्या दोन ओळी असल्या की ते लगेच उघडं पडतं. मुलं बहुतेक वेळा शेवटचीच ओळ ओढतात, कारण बेरीज करता करता घोळ तिथे लक्षात येतो. त्या ओळीतल्या फळांचा काहीच दोष नसतो.

आता हे जादाचे ०.२ आले कुठून ते पाहू. आपल्याकडे आंबा डझनावर चालतो आणि सगळा मामला त्या डझनातच आहे. पाच डझन म्हणजे ६० फळं. शंभरला साठने भागलं की एका फळाच्या वाट्याला १.६६६… टक्के येतात. साठात तीनचा अवयव आहे, शंभरात नाही, म्हणून हा भागाकार संपत नाही. फळांची संख्या तीनच्या पटीत असेल, समजा तीन किंवा बारा, तर टक्के पूर्ण येतात : ५, २०. नसेल तर ६ची किंवा ३ची न संपणारी शेपटी मागे राहते.

तुमच्या लेकीच्या सहा संख्या तीनने भागून बघा. ४, १०, १९, १३, १०, ४ : प्रत्येक वेळी बाकी एकच उरते. हा निव्वळ योगायोग आहे, पण त्याचा परिणाम असा की सहाही शेकडेवारींची शेपटी ६६६…ची आली. ६.६६६…, १६.६६६…, ३१.६६६… अशी. एका दशांश स्थळापर्यंत आसन्न किंमत घेताना त्या सगळ्या वरच्या बाजूला सरकल्या. प्रत्येक ओळ खऱ्यापेक्षा सुमारे ०.०३३ने फुगली, आणि सहा ओळींचे मिळून बरोबर ०.२ झाले. काही संख्यांची बाकी दोन आली असती, तर त्यांची शेपटी ३३३…ची होऊन त्या खाली सरकल्या असत्या आणि फुगवटा व घट एकमेकांत जिरले असते. बऱ्याच तक्त्यांत तसंच होतं, म्हणून बेरीज नेहमी १००च यायला हवी अशी आपली समजूत होऊन बसते.

दशांश स्थळं वाढवली तर फरक लहान होतो, जात नाही. दोन स्थळं घेतली तर बेरीज १००.०२ येईल. उलट पूर्ण टक्क्यांत लिहिलं तर ७, १७, ३२, २२, १७, ७ म्हणजे चक्क १०२. शाळेच्या प्रकल्पाला मी एक दशांश स्थळ पुरेसं मानते. साठ फळांत एका फळाचाच वाटा दीड टक्क्याहून जास्त आहे, तिथे शंभरावा भाग लिहून कुठलीही नवी माहिती मिळत नाही.

खरा प्रश्न संचित रकान्याचा आहे. तो दोन वाटांनी भरता येतो. एका वाटेने शेकडेवारीचेच आकडे वरून खाली मिळवत जायचे. बहुतेक मुलं हेच करतात, कारण रकाना शेजारीच असतो आणि बेरीज सोपी वाटते. दुसऱ्या वाटेने आधी फळांचीच संचित वारंवारता काढायची, आणि मग त्या प्रत्येक आकड्याला ६०ने भागून १००ने गुणायचं. दुसरी वाट धरा. पहिल्या वाटेत प्रत्येक ओळीचा फुगवटा पुढच्या ओळीत उतरतो, त्यात तिचा स्वतःचा मिसळतो, आणि खाली जाईपर्यंत तो साचत जातो. दुसऱ्या वाटेत प्रत्येक ओळीचा भागाकार थेट मोजलेल्या फळांपासून नव्याने होतो, त्यामुळे चूक त्या एका ओळीपुरती आणि ०.०५च्या आतच राहते.

फळांची बेरीज अशी जाते : ४, मग ४ आणि १० म्हणजे १४, १९ मिळवून ३३, १३ मिळवून ४६, १० मिळवून ५६, आणि शेवटचे ४ मिळवून ६०. हे सगळे पूर्णांक आहेत, इथे काही गळत नाही की फुगत नाही. त्यानंतर भागाकार. ३३ला ६०ने भागून १००ने गुणलं की नेमके ५५ येतात, शेपटी नाही. १४चे २३.३३३… येतात, ते २३.३ लिहायचे. तक्ता असा होतो :

| वजन (ग्रॅम) | फळं | शेकडेवारी | संचित फळं | संचित शेकडेवारी | शेकडेवारी मिळवत गेल्यास |
|---|---|---|---|---|---|
| २००–२२० | ४ | ६.७ | ४ | ६.७ | ६.७ |
| २२०–२४० | १० | १६.७ | १४ | २३.३ | २३.४ |
| २४०–२६० | १९ | ३१.७ | ३३ | ५५.० | ५५.१ |
| २६०–२८० | १३ | २१.७ | ४६ | ७६.७ | ७६.८ |
| २८०–३०० | १० | १६.७ | ५६ | ९३.३ | ९३.५ |
| ३००–३२० | ४ | ६.७ | ६० | १००.० | १००.२ |
| एकूण | ६० | १००.२ | | | |

शेवटचा रकाना फक्त तुलनेसाठी दिला आहे, वहीत तो नको. त्यात फरक दुसऱ्या ओळीपासून सुरू होतो आणि खाली दुप्पट होतो. आणि तळाला काय लिहिलं आहे ते वाचा : पेटीतली १००.२ टक्के फळं ३२० ग्रॅमपेक्षा हलकी आहेत. पेटीत आहेत त्यांहून जास्त फळं हलकी, असा त्याचा अर्थ झाला. शेकडेवारीच्या रकान्याखालची १००.२ ही फक्त सहा आसन्न किमतींची बेरीज आहे, ती कुठल्याही फळांबद्दल काही म्हणत नाही, म्हणून ती चालते. संचित रकान्यातला प्रत्येक आकडा मात्र स्वतः एक विधान असतो, आणि शेवटचं विधान ‘सगळी फळं’ हे आहे. तिथे १००च हवे, आणि दुसऱ्या वाटेने गेलं तर ते आपोआप येतात, कारण ६०ला ६०ने भागलेलं असतं.

फरक ०.२चाच आहे, त्याने काय बिघडतं, असं वाटेल. एका दशांशावर फारसं बिघडत नाही, हे खरं. मध्यक काढलात तर दोन्ही रकान्यांवरून २५६.८ ग्रॅमच येतो. पण हीच सवय पूर्ण टक्क्यांवर नेली तर संचित रकाना ७, २४, ५६, ७८, ९५, १०२ असा होतो. आता बागायतदाराला सर्वांत जड दहावा हिस्सा वेगळा काढायचा आहे, म्हणजे ९० टक्के फळं ज्या वजनाखाली आहेत ते वजन हवं आहे, असं समजा. बरोबर रकान्यावरून ते २९६ ग्रॅम येतं. फुगलेल्या रकान्यावरून सुमारे २९४ येतं. चूक खाली साचलेली असते, म्हणून ती जड फळांच्या टोकालाच जास्त टोचते, आणि भावाचा प्रश्न तर नेमका त्याच टोकाला असतो.

इथे मुलांच्या मनात एक शंका येतेच, आणि ती रास्त आहे. संचित रकान्यात ९३.३ मधून ७६.७ वजा केले तर १६.६ येतात, पण शेकडेवारीच्या रकान्यात त्या ओळीला १६.७ आहे. दुसऱ्या ओळीतही तसंच : २३.३ वजा ६.७ बरोबर १६.६. दोन रकाने एकमेकांशी ०.१ने भांडतात आणि दोन्ही बरोबर असतात. प्रत्येक आकडा आपापल्या खऱ्या किमतीच्या जवळचा आहे. दोन आसन्न किमतींची वजाबाकी तिसऱ्या आसन्न किमतीएवढी येईलच असं नाही. हा ०.१ मिटवायला जाऊ नका. तो मिटवण्यासाठी जो आकडा हलवाल, तो मूळ फळांपासून दूर जाईल.

बेरीज १००च यायला हवी, हे सुरुवातीच्या वर्षांत मीही मुलांवर लादलं आहे. एक डझन फळांचे तीन वर्ग, प्रत्येकात चार. एका मुलाने ३३.३, ३३.३, ३३.३ लिहून खाली बेरीज ९९.९ दाखवली होती आणि संचित रकाना ३३.३, ६६.७, १००.० असा भरला होता. मी त्याचा एक गुण कापला आणि कडेला ‘बेरीज १०० हवी’ असं लिहिलं. त्याचं प्रत्येक घर बरोबर होतं. ३३.३ नंतर ६६.६ न लिहिता ६६.७ लिहिणारा तो वर्गातला एकटाच होता, म्हणजे त्याने आठाला बाराने भागलं होतं. तो गुण मी परत द्यायला हवा होता. हे कळलं तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

मग बेरीज १००पासून कितीही दूर गेली तरी चालेल का? नाही, आणि त्याची मर्यादा काढता येते. एका दशांश स्थळावर प्रत्येक ओळ जास्तीत जास्त ०.०५ने चुकू शकते. सहा ओळी असतील तर सगळ्या एकाच बाजूला चुकल्या तरी ०.३. म्हणजे ९९.७ ते १००.३ एवढ्यात बेरीज आली तर तो आसन्न किमतीचा परिणाम असू शकतो. त्याच्या बाहेर गेली तर मोजणीत किंवा भागाकारात घोटाळा आहे, आणि तो शोधलाच पाहिजे.

शोधायचा कसा, ते या पेटीवरच दाखवते. एक फळ म्हणजे १.७ टक्के. समजा एक आंबा काट्यावर बरोबर २४० ग्रॅम भरला आणि ताळ्याच्या खुणा करताना तो २२०–२४० मध्येही गेला आणि २४०–२६० मध्येही. खुणा ६१ होतील, आणि ६०ने भागल्यावर बेरीज १०१.७च्या आसपास येईल. एखादं फळ सुटलं असेल तर ९८.३च्या आसपास. जादा किंवा कमी टक्क्यांत १.७ किती वेळा बसतो ते पाहिलं की किती फळं दुबार मोजली किंवा सुटली तेही समजतं. असमावेशक पद्धतीत २४० ग्रॅमचं फळ २४०–२६० मध्येच धरायचं, वरची मर्यादा त्या वर्गात येत नाही. ही एक ओळ तक्ता सुरू करण्याआधी वहीत लिहून ठेवली तर हा गोंधळ होत नाही.

पण या तपासणीत एक खाच आहे. माझ्या मते शेकडेवारीचा तक्ता करणाऱ्याने सर्वांत जपायची जागा हीच. ६० हा आकडा तुमच्या लेकीने कुठून घेतला? पेटीत पाच डझन भरले होते म्हणून घेतला असेल तर उत्तम. पण अनेक मुलं ताळ्याच्या खुणांचीच बेरीज करतात आणि तीच छेदात घालतात. मग एक फळ दुबार मोजलं गेलं तर छेदही ६१ होतो, शेकडेवारी ६१वर काढली जाते, आणि बेरीज सुखाने १००जवळ येते. संचित रकान्याचा शेवटही १००.०. तक्ता देखणा दिसतो आणि चूक आत झाकली जाते. बेरीज १०० आली हा मोजणी बरोबर असल्याचा पुरावा तेव्हाच ठरतो, जेव्हा एकूण संख्या खुणांच्या बाहेरून आलेली असते : पेटीतल्या फळांवरून, किंवा वजनांच्या कच्च्या यादीतल्या नोंदी मोजून. म्हणून मी मुलांना यादीला आधी क्रमांक घालायला लावते. शेवटचा क्रमांक ६० आणि खुणांची बेरीज ६०, हे दोन स्वतंत्रपणे जुळले की मगच पेन शेकडेवारीच्या रकान्यात जायचं.

छेदाचीच दुसरी बाजू : पेटीतली दोन फळं डागी निघाली आणि वजन न करता बाजूला ठेवली, तर छेद ५८. तेव्हा तक्त्यावर ‘वजन केलेली फळं ५८’ असं स्पष्ट लिहावं. ६०ने भागलं तर संचित रकाना ९६.७वर अडकून बसेल. आणि सगळी वजनं एकाच दिवशी करावीत. आढीत फळ पिकताना वजन घटतं, चार दिवसांनी उरलेली फळं काट्यावर ठेवली तर दोन वेगळ्या पेट्या एकत्र केल्यासारखं होतं.

मुलीने संगणकावर तक्ता करायचं ठरवलं, तर वर्ग A रकान्यात, फळं B2 ते B7 मध्ये आणि एकूण B8 मध्ये ठेवून दुसऱ्या ओळीत ही दोन सूत्रं लिहावीत आणि सातव्या ओळीपर्यंत खाली ओढावीत :

```
=B2/$B$8*100
=SUM(B$2:B2)/$B$8*100
```

दुसरं सूत्र म्हणजे वर सांगितलेली दुसरी वाटच आहे. फळं मिळवायची, मग भागायचं. डॉलरची खूण द्यायची राहिली तर छेदही ओळीबरोबर खाली सरकतो आणि रिकाम्या घराने भागायला जाऊन #DIV/0! दिसतं. संगणकावर एक गोष्ट मात्र मुलांना बुचकळ्यात टाकते. घरांत ६.७, १६.७ असे आकडे दिसतात आणि खाली बेरीज १००.० दिसते. हाताने तेच आकडे मिळवले तर १००.२. संगणकाने काही लपवलेलं नाही. घर एकच दशांश स्थळ दाखवतं, पण आत ६.६६६… ही लांब शेपटी साठवलेली असते आणि बेरीज त्या आतल्या किमतींची होते. हा तक्ता कागदावर उतरवताना खाली १००.० लिहिलं तर तेही योग्य, कारण ती ६०/६०ची शेकडेवारी आहे. दोन्हींपैकी काय लिहिलं ते कळावं एवढंच.

संचित रकाना वाचताना आणि आलेख काढताना प्रत्येक आकडा वर्गाच्या वरच्या मर्यादेचा असतो. ५५.० टक्के हे ‘२६० ग्रॅमपेक्षा कमी’ वजनाच्या फळांचे. त्यामुळे बिंदू २६०वर येतो, २५०वर नाही. आलेख २०० ग्रॅम आणि शून्य टक्के इथून सुरू करायचा. वर्गमध्यावर बिंदू ठेवले तर सगळी वक्ररेषा दहा ग्रॅम डावीकडे सरकते आणि मध्यक २५६.८ ऐवजी २४६.८ वाचला जातो. आलेखाचा आकार बरोबरच दिसतो, म्हणून ही चूक डोळ्याला कळत नाही. ती पकडायची तर मध्यकाच्या खाली साधारण तीस फळं येतात का ते कच्च्या यादीत मोजावं लागतं.

आणि वर्गांना क्रमच नसेल, समजा पेटीत हापूस, पायरी आणि रायवळ अशी मिसळ असेल, तर शेकडेवारी काढावी पण संचित रकाना काढू नये. ‘पायरीपर्यंत ७० टक्के’ याला अर्थ नाही, नावं दुसऱ्या क्रमाने लिहिली की तो आकडाच बदलतो.

तुमच्या लेकीच्या वहीत आता एवढंच करायचं आहे. शेवटच्या ओळीत ६.७, शेकडेवारीखाली १००.२, संचित फळांचा रकाना नव्याने घालून त्यावरून संचित शेकडेवारी, आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात : ‘शेकडेवारी एका दशांश स्थळापर्यंत आसन्न घेतल्यामुळे बेरीज १००.२ येते, संचित शेकडेवारी फळांच्या संचित संख्येवरून काढली आहे.’ सरांकडे वही नेताना तिने पहिली आणि शेवटची ओळ दाखवावी : दोन्हीकडे चार फळं, दोन्हीकडे ६.७.